दोन घटक की एकच? : रोझेनबर्ग यांच्या मापनीचा दाखला

मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील दहा माध्यमिक शाळांमधल्या ५,०२४ विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६५ साली किशोरवयीनांच्या आत्मप्रतिमेविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा छोट्या विधानांची एक मापनी होती, आणि मानसशास्त्रात आजवर सर्वाधिक वापरल्या गेलेल्या मापन्यांमध्ये तिची गणना होते. प्रत्येक विधानाला पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत चार उत्तरांची सोय होती. दहांपैकी पाच विधाने अनुकूल होती, म्हणजे आपण स्वतःविषयी समाधानी आहोत, आपल्यात काही चांगले गुण आहेत, अशा आशयाची. उरलेली पाच प्रतिकूल होती, म्हणजे आपल्याला अभिमान वाटावा असे आपल्यापाशी फारसे काही नाही, कधीकधी आपण कुचकामी आहोत असे वाटते, अशा वळणाची. ही वाटणी हेतुपुरस्सर होती. काही माणसांचा स्वभावच असा असतो, की समोर येईल त्या विधानाला ती मान डोलावतात. सर्व विधाने अनुकूल ठेवली, तर अशा माणसाचा आत्मसन्मान विनाकारण उंच दिसेल, आणि निम्मी उलटी ठेवली, तर त्याची एका बाजूची अतिरिक्त संमती दुसऱ्या बाजूच्या अतिरिक्त संमतीने वजा होऊन हिशेब बरोबर राहील, हा त्यामागचा विचार. गुण मांडताना प्रतिकूल विधानांची उत्तरे उलटी करून घ्यायची आणि दहांची बेरीज करून एकच आकडा काढायचा, असा शिरस्ता पडला.

पुढे घटक-विश्लेषणाचे तंत्र संगणकामुळे सर्वांच्या हाती आले, आणि ज्यांनी ज्यांनी या दहा विधानांची उत्तरे त्या तंत्राच्या स्वाधीन केली, त्यांतील पुष्कळांना एक नव्हे तर दोन घटक मिळाले. एका घटकावर पाचही अनुकूल विधाने, दुसऱ्यावर पाचही प्रतिकूल. तेव्हा आत्मसन्मान ही एक वस्तू नसून ‘सकारात्मक आत्मसन्मान’ आणि ‘नकारात्मक आत्मसन्मान’ अशा दोन वस्तू आहेत, असे निष्कर्ष निबंधांत लिहिले जाऊ लागले. नव्या मापनीच्या जन्माची हकीकत सांगणारे जे निबंध दरसाल प्रसिद्ध होतात, त्यांमध्ये घटकांची संख्या आणि अक्षांचे परिभ्रमण या दोन बाबतींत लेखक कोणता निर्णय घेतो आणि त्या निर्णयाच्या पोटी कोणता सिद्धांत नकळत जन्माला येतो, हे समजून घेण्यास यापेक्षा उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही.

घटक-विश्लेषणाचा मूळ विचार चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली मांडला. दहा विधाने असतील तर त्यांच्या दोन-दोनांच्या पंचेचाळीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा एक सहसंबंध असतो. हे पंचेचाळीस आकडे पडद्याआड असलेल्या एक-दोन समाईक कारणांनी समजावून सांगता येतील काय, असा तो प्रश्न आहे. या कल्पित कारणांना घटक म्हणतात, आणि एखादे विधान एखाद्या घटकाशी किती घट्ट बांधलेले आहे ते दाखवणाऱ्या आकड्याला घटकभार. तंत्र हे एवढेच सांगते, की कोणती विधाने एकत्र हलतात. ती का एकत्र हलतात, हे सांगणे त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. ते काम संशोधकाने करावयाचे असते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून त्यातील आकडे मी कल्पिलेले आहेत, परंतु त्यांची ठेवण रोझेनबर्ग मापनीवर जे आढळते त्याच धर्तीची आहे. प्रतिकूल विधानांची उत्तरे उलटी करून घेतल्यानंतर, अनुकूल विधानांचे आपसातील सहसंबंध ०.५० आहेत असे समजा. प्रतिकूल विधानांचेही आपसातील ०.५०, आणि एक अनुकूल व एक प्रतिकूल अशा मिश्र जोडीचा सहसंबंध मात्र ०.३० आहे. सर्व जोड्या एकमेकींशी सुसंगत आहेत, पण एकाच वळणाची विधाने परस्परांच्या अधिक जवळ आहेत, एवढाच याचा अर्थ.

घटक किती ठेवावेत, या प्रश्नासाठी प्रथम या कोष्टकाची आयगेन मूल्ये काढतात. प्रत्येक दिशेने किती विचरण सामावले आहे त्याचे ते माप असून, दहा विधानांच्या कोष्टकात त्या सर्वांची बेरीज नेहमी दहाच भरते. आपल्या उदाहरणात पहिले मूल्य ४.५ येते, दुसरे १.५, आणि बाकीची आठही ०.५. हेन्री कायझर यांनी १९६० साली रूढ केलेला दंडक असा, की एकाहून मोठी जितकी मूल्ये, तितके घटक कायम करावेत. हा दंडक सोपा असल्यामुळे आणि संगणकाच्या आज्ञावलींनी तो आपण होऊन लागू केल्यामुळे सर्वत्र पसरला. परंतु त्यात एक ढोबळ दोष आहे. ज्यांच्यात कसलाच संबंध नाही अशा दहा आकड्यांच्या रांगा यदृच्छया तयार केल्या, तरी मर्यादित नमुन्यात त्यांच्या आयगेन मूल्यांची सरासरी एक असते, म्हणून त्यांपैकी सुमारे निम्मी एकाच्या वर जातातच. तीस-चाळीस विधानांच्या मापनीत हा दंडक लावला, की निव्वळ योगायोगाचे अनेक घटक पदरात पडतात आणि लेखकाला त्या प्रत्येकाला नाव शोधण्याचे संकट उभे राहते. यावर जॉन हॉर्न यांनी १९६५ साली जो उपाय सुचवला, त्याला समांतर विश्लेषण म्हणतात: आपल्याच नमुन्याएवढी आणि आपल्याइतक्याच विधानांची यदृच्छ सामग्री पुष्कळ वेळा निर्माण करावी, तिची आयगेन मूल्ये काढावीत, आणि आपले पहिले मूल्य तिच्या पहिल्याहून, दुसरे दुसऱ्याहून मोठे आहे तोवरच घटक स्वीकारावेत. तीनशे उत्तरदात्यांच्या नमुन्यात दहा विधानांसाठी ही यदृच्छ मूल्ये सुमारे १.३ आणि १.२ अशी उतरतात. रेमंड कॅटेल यांनी १९६६ साली सुचवलेली आलेखाची रीत, म्हणजे मूल्यांचा उतार जेथे एकदम सपाट होतो तेथे थांबावे ही, डोळ्यांच्या अंदाजावर चालत असली तरी पुष्कळदा उपयोगी पडते.

आपल्या उदाहरणात मात्र कायझरचा दंडक, कॅटेलचा आलेख आणि हॉर्नची तुलना या तिन्ही पंचांचा फैसला एकच आहे: दोन घटक. आणि तो फैसला अंकगणिताच्या दृष्टीने बरोबर आहे. या कोष्टकात खरोखरच दोन दिशा आहेत. एका घटकाने ०.५० आणि ०.३० यांतील अंतर स्पष्ट होणार नाही. म्हणून समांतर विश्लेषण केले, आता घटकसंख्येचा प्रश्न मिटला, असे जे समजतात त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की ती कसोटी दुसरी दिशा योगायोगाची नाही एवढाच दाखला देते. ती दिशा मनातील गुणाची आहे की विधानांच्या वळणाची, हा प्रश्न तिच्यापुढे मांडलेलाच नसतो.

यानंतर परिभ्रमणाची पाळी येते, आणि माझ्या मते सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. दोन घटक मुक्रर केल्यावर त्यांचे अक्ष कोणत्या दिशेने ठेवावेत, हे सामग्री सांगत नाही. गावाच्या मोजणीचा नकाशा टेबलावर कसाही फिरवला, तरी घरांमधील अंतरे बदलत नाहीत, फक्त उजवे-डावे बदलते. तसेच घटकांचे अक्ष फिरवले, तरी मूळचे पंचेचाळीस सहसंबंध जसेच्या तसे परत मिळतात. बदलते ते भारांचे कोष्टक, आणि त्यावरून आपण रचत असलेली कथा.

परिभ्रमणापूर्वी आपल्या उदाहरणात पहिल्या घटकावर दहाही विधानांचे भार ०.६३ आहेत. दुसऱ्यावर अनुकूल विधानांचे भार अधिक ०.३२ आणि प्रतिकूल विधानांचे उणे ०.३२. पहिला घटक एकूण विचरणाचा ४० टक्के हिस्सा घेतो, दुसरा १० टक्के. हे कोष्टक जो वाचेल तो सहज म्हणेल, की येथे एक बलवान सामान्य गुण आहे आणि त्याच्या बाजूला विधानाच्या वळणाचा एक दुय्यम परिणाम आहे. आता कायझर यांनीच १९५८ साली शोधलेले व्हॅरिमॅक्स परिभ्रमण करू. ते अक्षांमधला कोन काटकोनच ठेवते आणि प्रत्येक घटकावर काही भार मोठे व काही लहान व्हावेत असा प्रयत्न करते. आपले अक्ष त्यामुळे पंचेचाळीस अंशांनी फिरतात. आता अनुकूल विधानांचा पहिल्या घटकावरील भार ०.६७ आणि दुसऱ्यावरील ०.२२ होतो, प्रतिकूल विधानांचा नेमका याच्या उलट. मघाचे ४० आणि १० टक्के आता २५ आणि २५ झाले. सामान्य गुण नाहीसा झाला आणि त्याच्या जागी तुल्यबल असे दोन गुण उभे राहिले, आणि हे सर्व एकाही उत्तरदात्याच्या एकाही उत्तराला हात न लावता घडले.

तिसरा मार्ग तिर्यक् परिभ्रमणाचा. ऑब्लिमिन, प्रोमॅक्स इत्यादी पद्धती घटकांना काटकोनात राहण्याची सक्ती करत नाहीत. त्यांना परस्परांशी सहसंबंध ठेवण्याची मुभा देतात. आपल्या उदाहरणातील आदर्श तिर्यक् मांडणीत प्रत्येक विधानाचा स्वतःच्या घटकावरील भार ०.७१ आणि परक्या घटकावरील शून्य येतो, आणि दोन घटकांमधील सहसंबंध ०.६० निघतो. तिन्ही कोष्टके तपासून पाहावीत. मिश्र जोडीचा सहसंबंध पहिल्यावरून ०.४० उणे ०.१०, दुसऱ्यावरून ०.६७ गुणिले ०.२२ याची दुप्पट, तिसऱ्यावरून ०.७१ गुणिले ०.६० गुणिले ०.७१; प्रत्येक वेळी उत्तर ०.३० च येते. सामग्रीच्या न्यायालयात तिघेही निर्दोष आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. व्हॅरिमॅक्स वापरून लेखक जेव्हा निष्कर्षात लिहितो, की आत्मसन्मानाची दोन परस्परस्वतंत्र परिमाणे आढळली, तेव्हा स्वातंत्र्य हे त्याला आढळलेले नसते. ती त्याने आधीच घातलेली अट असते. पुष्कळदा त्याच निबंधात पुढे दोन उपमापन्यांच्या बेरजांचा सहसंबंध छापलेला असतो. आपल्या उदाहरणात तो ०.५० येईल. घटक काटकोनात आणि त्यांच्या बेरजा मात्र ०.५० नी बांधलेल्या, ही विसंगती वाचकाने पकडली पाहिजे. त्यासाठी कोणतेही गणित नव्याने करावे लागत नाही, दोन पाने शेजारी ठेवावी लागतात इतकेच. मनाचे गुण सहसा परस्परसंबद्ध असतात, म्हणून आरंभ तिर्यक् परिभ्रमणाने करावा आणि घटकांमधील सहसंबंध शून्याजवळ निघाला तरच काटकोनाकडे वळावे, असे मला वाटते. कारण तिर्यक् पद्धत काटकोनाची शक्यता खुली ठेवते, काटकोनी पद्धत तिरकसपणाची शक्यता बंद करून टाकते.

हा वाद नवा नाही. स्पिअरमन यांना बुद्धीच्या सर्व चाचण्यांमागे एक सामान्य घटक दिसला. शिकागोचे लुई थर्स्टन यांनी अक्ष फिरवून, प्रत्येक चाचणी शक्यतो थोड्याच घटकांवर पडावी अशी साधी रचना शोधली, आणि १९३८ साली एकाच्या जागी अनेक प्राथमिक क्षमता मांडल्या. पुढे त्यांनी तिर्यक् अक्ष स्वीकारले, तेव्हा त्या प्राथमिक क्षमतांचेच परस्परांशी सहसंबंध निघाले, आणि त्या सहसंबंधांचे पुन्हा विश्लेषण केले तर सामान्य घटक वरच्या मजल्यावर परत भेटू लागला. आपल्या उदाहरणातील ०.६० हा आकडा तेच सांगतो. तो जेथे छापला जात नाही तेथे सामान्य गुणाचा पुरावाच दप्तरातून काढून टाकल्यासारखे होते.

छापण्याच्या आणखी एका रिवाजाकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. ०.३० किंवा ०.४० पेक्षा लहान भार कोष्टकात कोरे सोडण्याची प्रथा आहे, आणि त्यामुळे कोष्टक वाचायला सोपे होते, हे खरे. परंतु व्हॅरिमॅक्सच्या आपल्या कोष्टकातील दहाही ०.२२ या प्रथेमुळे अदृश्य होतात. हे दहा लहान आकडे म्हणजेच दोन गटांना जोडणारा पूल. तो पुसला, की पाच विधाने इकडे, पाच तिकडे, मध्ये पांढरा कागद, असे चित्र उरते. त्यात घटक-विश्लेषणाऐवजी मुख्य घटक पद्धत वापरलेली असेल, आणि अनेक संगणक-प्रणालींत तीच आपोआप निवडलेली असते, तर प्रत्येक विधानाचे स्वतःचे खासगी विचरणही समाईकात मिसळते, मुख्य भार ०.६७ च्या जागी ०.७५ होतात आणि स्पष्ट झालेले विचरण ५० च्या जागी ६० टक्के दिसते. मुख्य घटक पद्धत, एकाहून मोठ्या मूल्यांचा दंडक आणि व्हॅरिमॅक्स, ही त्रयी एकत्र आली म्हणजे कोष्टक सर्वात देखणे होते. निबंधात ती त्रयी दिसली, की वाचकाने थोडे थांबावे.

मग रोझेनबर्ग मापनीचा दुसरा घटक कशाचा? एडवर्ड कारमाइन्स आणि रिचर्ड झेलर यांनी १९७९ साली या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची रीत अनुकरणीय आहे. त्यांनाही दोन घटक मिळाले होते. परंतु त्यांनी कोष्टकाकडे अधिक वेळ टक लावून न पाहता, त्या दोन घटकांचे मापनीबाहेरच्या अनेक चलांशी सहसंबंध काढले. दोन निराळे गुण असतील, तर एखाद्या तरी बाह्य गोष्टीशी त्यांचे नाते निराळे असले पाहिजे. तसे आढळले नाही. दोघांचे सहसंबंध जवळजवळ सारखे होते. तेव्हा गुण एकच आणि फूट विधानांच्या वळणाने पाडलेली, असा निर्णय त्यांनी दिला. फूट कशी पडते यावर पुढे प्रकाश पडला. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी १९८५ साली कृत्रिम सामग्रीवर दाखवले, की उत्तरदात्यांपैकी सुमारे दहा टक्के लोक प्रतिकूल विधानांतील उलटेपणा न पाहता उत्तर देऊन गेले, तरी प्रतिकूल विधानांचा स्वतंत्र घटक उभा राहण्यास तेवढे पुरेसे होते. हर्बर्ट मार्श यांनी १९९६ साली याच मापनीच्या विधानांवर काम करून हा परिणाम पद्धतीचा आहे असे मत दिले. तथापि केवळ निष्काळजीपणाने सर्व उलगडा होत नाही. त्याच व्यक्तींना वर्षांनंतर पुन्हा विचारले असता हा परिणाम बराचसा टिकून राहतो, असेही नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे नकारार्थी विधानाला विशिष्ट तऱ्हेने प्रतिसाद देणे हा काही माणसांचा स्थिर स्वभाव असावा. तो अभ्यासाचा विषय जरूर आहे, पण त्याला नकारात्मक आत्मसन्मान म्हणणे सयुक्तिक नाही.

बाह्य चलांच्या कसोटीतही एक खाच आहे. बाहेरची मापनी, उदाहरणार्थ खिन्नतेची, जर स्वतःच प्रतिकूल विधानांची बनलेली असेल, तर तिच्यातही तोच वळणाचा परिणाम शिरलेला असतो, आणि प्रतिकूल अर्ध्याचा तिच्याशी सहसंबंध जास्त येणे स्वाभाविकच आहे. तेव्हा बाह्य चल शक्यतो शिक्षकांचा अभिप्राय, परीक्षेचे गुण, शाळेतील हजेरी अशा, विधानांवर न बेतलेल्या ठिकाणाहून घ्यावे.

हा सर्व काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याने निर्णयानंतरचा हिशेब पाहावा. आपल्या उदाहरणातील दुसरा घटक म्हणजे सरसकट हो म्हणण्याची सवय आहे असे धरले, तर परिभ्रमणापूर्वीचे कोष्टकच खरे चित्र ठरते. दहाही विधानांची बेरीज केली असता अनुकूल बाजूची सवय प्रतिकूल बाजूच्या सवयीने पूर्णपणे कटते, आणि बेरजेच्या विचरणाचा नऊपैकी आठ हिस्से भाग आत्मसन्मानाचा असतो, बाकीचा प्रत्येक विधानाच्या खासगी चढउताराचा. आता दोन घटकांवर विसंबून मापनीचे दोन तुकडे केले, किंवा मापनी आटोपशीर करण्यासाठी प्रतिकूल विधाने गाळून पाचच अनुकूल ठेवली, तर प्रत्येक पंचकाच्या बेरजेत आत्मसन्मानाचा हिस्सा दोन-तृतीयांशावर येतो आणि एक-षष्ठांश हिस्सा होकाराच्या सवयीचा होतो. विश्वसनीयतेचा जो अल्फा गुणांक निबंधात छापतात तो हे दाखवत नाही. दहा विधानांचा अल्फा ०.८६, पाचांचा ०.८३, म्हणजे घट नाममात्र. कारण अल्फाच्या दृष्टीने दोन-तृतीयांश आणि एक-षष्ठांश मिळून ०.८३ ही एकच समाईक रक्कम आहे. शिवाय पाच अनुकूल विधानांचे पुन्हा घटक-विश्लेषण केले, तर आयगेन मूल्ये ३.० आणि मग चार वेळा ०.५ अशी येतात, प्रत्येक कसोटी एकमुखाने एकच घटक सांगते, आणि होकाराची सवय त्या एका घटकाच्या आत, आत्मसन्मानाच्या नावाखाली, मोजली जात राहते. तिला वेगळी पाडू शकणारी पाच विधाने आधीच वगळलेली असतात.